रीकॅप मेल

ग्राहकाशी फोनवर बोलून जे ठरले, ते फोन ठेवल्यावर लगेच लिहून त्याच ग्राहकाला पाठवलेल्या ईमेलला रीकॅप मेल म्हणतात. कचेऱ्यांत त्याला कन्फर्मेशन मेल असेही म्हणतात आणि बोलताना नुसते ‘मेलवर घ्या’ म्हटले तरी पुरते. मीटिंगच्या मिनिट्सपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. मिनिट्समध्ये कोण काय म्हणाले तेही येते, इथे फक्त काय ठरले आणि काय ठरायचे राहिले एवढेच असते.

भारतीय करार कायदा, 1872 नुसार तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना. त्याच्याही आधीची अडचण म्हणजे फोनवर दोघे एकच शब्द वापरतात आणि दोघांच्या मनात आकडे वेगळे असतात. इंटिरियरच्या कामात हे रोज घडते, म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ.

समजा, पुण्यातल्या एका कंत्राटदाराने दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या फर्निचरचे कोटेशन 4,85,000 रुपयांचे दिले आहे. 10 सप्टेंबर 2025 ला घरमालकीण फोन करतात. स्वयंपाकघराच्या शटर्सना ॲक्रिलिकऐवजी लॅमिनेट चालेल, बेडरूममध्ये वॉर्डरोबवर लॉफ्ट हवा, आणि काम दिवाळीच्या आत संपले पाहिजे. शेवटी त्या विचारतात, “तेवढ्यातच बसतंय ना?” कंत्राटदार म्हणतो, “हो, तेवढ्यातच बसवू.” दोघेही समाधानाने फोन ठेवतात. बाईंच्या मनात ‘तेवढ्यात’ म्हणजे 4,85,000 आणि वर एक रुपयाही नाही. कंत्राटदाराच्या मनात ‘साधारण तेवढ्यात’. ‘दिवाळीच्या आत’ म्हणजे धनत्रयोदशीच्या आत की लक्ष्मीपूजनाच्या आत, हेही कोणी विचारलेले नाही. त्याच संध्याकाळी गेलेला मेल असा असेल :

> विषय : फ्लॅटचे फर्निचर – 10 सप्टेंबरच्या फोनवर ठरलेले बदल
>
> नमस्कार मॅडम,
> आज सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे :
> स्वयंपाकघराची शटर्स (62 चौ. फूट) ॲक्रिलिकऐवजी लॅमिनेटची. फरक चौ. फुटाला 350 रु., म्हणजे 21,700 रु. कमी.
> बेडरूमच्या वॉर्डरोबवर लॉफ्ट, 24 चौ. फूट, दर 950 रु., म्हणजे 22,800 रु. जास्त.
> दोन्ही धरून एकूण रक्कम 4,86,100 रु. (जीएसटी कोटेशनप्रमाणे वेगळा.) फोनवर मी ‘तेवढ्यातच’ म्हणालो होतो, हिशेब केल्यावर 1,100 रु. वाढत आहेत. चालेल का, ते कळवा.
> ताबा शनिवार, 18 ऑक्टोबर, धनत्रयोदशीपर्यंत. त्यासाठी हॉब आणि चिमणीचे मॉडेल आपल्याकडून 20 सप्टेंबरपर्यंत कळायला हवे, कारण त्याशिवाय ओट्याचा ग्रॅनाइट कापता येत नाही. मॉडेल जितके दिवस उशिरा कळेल, तितके दिवस ताबा पुढे जाईल.
> अजून ठरलेले नाही : टीव्ही युनिटच्या मागचे पॅनेल. ते वरच्या रकमेत धरलेले नाही.
> वरील बदल मान्य असल्यास याच मेलला ‘मान्य’ असे उत्तर द्यावे. लॉफ्टचे प्लाय उत्तर आल्यावर मागवतो.

यातल्या 1,100 रुपयांच्या ओळीकडे नीट पाहावे. ती फोनवर ठरलेली नव्हती आणि कंत्राटदाराने ते उघड लिहिले आहे. एखादी नवी अट ‘बोलल्याप्रमाणे’च्या यादीत गुपचूप घुसवणे हा या प्रकारातला सर्वांत वाईट दोष आहे. ग्राहकाने ती एकदा पकडली की पुढच्या प्रत्येक मेलकडे तो संशयाने पाहतो. शिवाय तेवढ्यापुरता तो मेल झालेल्या कराराची नोंद राहत नाही, नवा प्रस्ताव होतो. हॉब-चिमणीचे वाक्यही तितकेच मोलाचे. तारीख चुकल्यावर भांडण होते ते बहुतेक याच गोष्टीवरून, की अडले कोणाकडून. ‘अजून ठरलेले नाही’ हा भाग लोक गाळतात. मग दोन महिन्यांनी ते पॅनेल ‘त्यातच आलं होतं ना’ म्हणून मागितले जाते.

मेल कोटेशनच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवला तर मूळ दर खाली दिसत राहतात. पतीपत्नींपैकी फोनवर एक बोलले असेल आणि पैसे दुसरे देणार असतील, तर मेल दोघांना जायला हवा. उशीर मात्र करू नये. चार दिवसांनी आलेला मेल वाचणाऱ्याला आठवणीची नोंद वाटत नाही, बाजू मांडल्यासारखा वाटतो.

उत्तर आले नाही तर काय? ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजू’ ही ओळ अनेक जण टाकतात, पण तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. इंग्लंडमधला 1862 चा फेल्टहाउस विरुद्ध बिंडली हा खटला याच मुद्द्याचा होता. काकांनी पुतण्याला लिहिले, की तुझ्याकडून काही कळले नाही तर घोडा 30 पौंड 15 शिलिंगला माझा झाला असे समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही आणि न्यायालयाने करार झालाच नाही असे ठरवले. नुसते मौन म्हणजे स्वीकृती नव्हे. मात्र वर्तनाने स्वीकृती होऊ शकते, करार कायद्याच्या कलम 8 मध्ये तशी तरतूद आहे. मेल मिळाल्यावर बाईंनी सुधारित रकमेप्रमाणे पुढचा हप्ता भरला, तर ते मौनापेक्षा कितीतरी भक्कम. म्हणून उत्तर नसेल तर फोन करून ‘मेल बघितलात का’ विचारावे आणि तोवर जादा कामाला हात लावू नये. कंत्राटदार प्लाय थांबवून धरतो ते यासाठीच.

‘ठीक आहे, पण लॉफ्टचा दर 850 म्हणाला होतात’ असे उत्तर आले तर तो होकार नाही. कलम 7 प्रमाणे स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. इथे ‘ओके, नोटेड’ लिहून पुढे जाण्याची सवय घातक ठरते, कारण मग 24 फुटांचे 2,400 रुपये नेमके कोणाचे हे लोंबकळत राहते. दर ठरवून पूर्ण मजकूर नव्या रकमेसह पुन्हा पाठवावा आणि आधीचा रद्द असे त्यातच लिहावे.

ईमेलने झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अवैध ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 10अ सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या बॉक्साइटपुरवठ्याच्या वादात, औपचारिक कागदावर सही झालेली नसतानाही ईमेलच्या देवाणघेवाणीतून करार झाल्याचे मानले. तिथे दोन्ही बाजूंचे मेल होते, हे विसरू नये. एकाच बाजूचा मेल काहीतरी सांगतो, पण करार सिद्ध करायला तो एकटा बहुधा पुरत नाही. मूळ करारात ‘बदल दोघांच्या सहीनेच’ असे कलम असेल, तर मेलपाठोपाठ सहीचा कागदही करून घ्यावा.

मेल जपायचा तो मूळ खात्यातच. स्क्रीनशॉटवर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरचे तपशील येत नाहीत आणि मजकूर बदलल्याचा आरोपही सहज होतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात देताना तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग नोंद सादर करणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ भरतो, आणि दोन्हींत त्या नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली ओळखखूण, लिहायचे असते. खाते बंद झाले किंवा जागा करण्यासाठी जुने मेल पुसले गेले, तर हे प्रमाणपत्र देण्यासारखे काही उरत नाही. म्हणून काम संपले, शेवटचा हप्ता मिळाला, तरी तक्रारीची मुदत टळेपर्यंत ती मालिका तशीच ठेवतात.