उद्दिष्टाच्या वाक्यात ठेच का लागते?

शिकवणं सोडून कंपनीच्या प्रशिक्षण विभागात किंवा ऑनलाइन कोर्स बनवायच्या कामात गेलेल्या शिक्षकाला पहिली ठेच बहुतेकदा उद्दिष्टाच्या वाक्यात लागते. पाठ टाचणात वर्षानुवर्षं 'विद्यार्थ्यांना अमुक समजेल' असं लिहिलेलं असतं. इथे नेमकं तेच वाक्य खोडून परत येतं.

याचं मूळ असं, की या कामाची, म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझाइनची, रीत वर्गात घडली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला आणि कारखान्यांना नवखी माणसं झटपट तयार करायची होती. पुढे या क्षेत्राचा पाया घालणारे रॉबर्ट गॅन्ये त्या काळात लष्कराच्या हवाई विभागात मानसशास्त्रज्ञ होते. मग १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी शिकवणारं यंत्र आणलं: छोटा प्रश्न, उत्तर, लगेच पडताळा. इथे शिकणाऱ्याचा चेहरा बघणारं कोणी उरलं नाही. शिक्षक कपाळावरची आठी पाहून उदाहरण बदलतो, यंत्राला ते जमत नाही. म्हणून काय जमायला हवं, हे आधीच लिहून ठेवणं भाग पडलं.

प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये ते लिहायची रीत सांगितली. उद्दिष्टात दिसणारी कृती हवी, ती कुठल्या परिस्थितीत करायची ते हवं आणि किती चांगली जमली म्हणजे पुरे, तेही हवं. समजा, कॉल सेंटरसाठी कोर्स करायचा आहे. 'तक्रार नोंदवण्याची पद्धत समजेल' याची परीक्षा घेणार कशी? त्याऐवजी असं लिहायचं: 'ग्राहक फोनवर असताना, फॉर्म समोर उघडा ठेवून, दहापैकी नऊ तक्रारी योग्य प्रकारात नोंदवेल.' चाचणी या वाक्यातच दडलेली आहे. दहा नमुना कॉल ऐकवा आणि नोंदी तपासा. कोर्सच्या स्लाइड त्यानंतर.

१९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकी सैन्यासाठी हे सगळं टप्प्यांत बांधलं. आज नोकरीच्या जाहिरातींत दिसणारं 'ॲडी' हे नाव त्यातूनच पुढे आलेल्या टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. त्यातला पहिला टप्पा विश्लेषणाचा, आणि माझ्या मते शिक्षकाला सगळ्यात परका तोच. शाळेत अभ्यासक्रम ठरून येतो, 'हे शिकवायची गरज आहे का?' असं कोणी विचारत नाही. मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये तोच प्रश्न पुढे केला होता: माणसाला काम येत नाही, की येत असूनही होत नाही?

वरच्याच उदाहरणात चुकलेल्या नोंदी काढून पाहा. सगळ्या चुका 'बिलाबाबत तक्रार' आणि 'बिलाबाबत चौकशी' या दोनच प्रकारांत अडकलेल्या निघाल्या आणि जुने-जाणते कर्मचारीही तिथेच चुकत असले, तर दोष फॉर्मचा. तिथे कोर्स बनवायचा नाही, फॉर्ममधली ती दोन नावं बदलायला सांगायची.