पाय थांबवणारा स्नायू: धावपटूच्या हॅमस्ट्रिंगच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

शंभर मीटरच्या शर्यतीत मांडीमागची हॅमस्ट्रिंग गेलेली मी ट्रॅकच्या कडेला उभं राहून अनेकदा पाहिली आहे. सुरुवातीच्या वीस मीटरमध्ये ती क्वचितच जाते. मुलगा पूर्ण उभा राहून पळू लागलेला असतो, साठ-सत्तर मीटर झालेले असतात, आणि अचानक एक पाय आखडतो, हात मांडीच्या मागे जातो, दोन-तीन लंगड्या उड्या पडतात आणि तो थांबतो. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "सर, मागून कुणीतरी काहीतरी मारल्यासारखं वाटलं." पण पाऊल टेकलं तेव्हा की हवेत होतं तेव्हा, हे त्याला सांगता येत नाही. त्याला सांगता येत नाही, यात नवल नाही. शास्त्रज्ञांनाही त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला पाऊणशे वर्षं लागली, आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही.

आधी तो क्षण नीट पाहू. पूर्ण वेगात धावपटूची सेकंदाला साधारण साडेचार पावलं पडतात, म्हणजे एकाच पायाचं एक पूर्ण चक्र ०.४५ सेकंदाच्या आसपास संपतं. त्यातला जेमतेम ०.१ सेकंद पाय जमिनीवर असतो, बाकी वेळ हवेत. हवेत असताना गुडघा दुमडलेला पाय पुढे येतो, मांडी वर उचलली जाते आणि मग थांबते. मांडी थांबली की गुडघ्याखालचा भाग पुढे फेकला जातो, आसूडाचा दांडा थांबवला की वादी पुढे जाते तसा. पायाला सरळ करणारा मांडीच्या पुढचा स्नायू या वेळी जवळजवळ स्वस्थ असतो, गुडघा तरीही सेकंदाला हजार अंशांच्या घरातल्या वेगानं उघडतो. त्याला आवरण्याचं काम मांडीमागच्या स्नायूंकडे, म्हणजे हॅमस्ट्रिंगकडे येतं. ते वरून बैठकीच्या हाडाला आणि खालून गुडघ्याच्या पलीकडे अडकलेले असतात, म्हणून एकाच वेळी खुब्यावर आणि गुडघ्यावर काम करतात. हवेतल्या पायाच्या या झोक्याच्या शेवटी ते ताणले जात असतात आणि ताणले जातानाच जोर लावत असतात. अशा कामाला एक्सेंट्रिक म्हणतात. विहिरीत बादली सोडताना दोर हातातून घसरू द्यायचा, पण आवळून धरत, तसं काहीसं.

या कामाचा हिशोब पहिल्यांदा मांडला तो स्नायूंच्या उष्णतेवर आयुष्यभर काम केलेल्या माणसांनी. १९२७ साली ए. व्ही. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान धावण्याचं गणित प्रसिद्ध केलं. धावपटूचा वेग एका मर्यादेपलीकडे का वाढत नाही, याचं त्यांचं उत्तर होतं स्नायूंचा आतला चिकटपणा. हिल यांच्याकडे काम करून अमेरिकेला परतलेल्या वॉलेस फेन यांना ते पटलं नाही. रोचेस्टर इथे त्यांनी धावपटूंचं चित्रीकरण केलं, एकेका चित्रावरून हातापायांची जागा मोजली आणि १९३० साली दाखवलं की खर्चाचा मोठा वाटा हातपाय पुढे-मागे वेगात आणण्यात आणि पुन्हा थांबवण्यात जातो. शरीर वर उचलण्याचा खर्च त्यापुढे अगदीच थोडा.

फेन यांच्या मांडणीत 'थांबवणं' हा हिशोबाच्या वहीतला एक रकाना होता. तो रकाना नेमका कोणता स्नायू भरतो, हा प्रश्न १९४० साली हर्बर्ट एल्फ्टमन यांनी फेन यांचीच आकडेवारी घेऊन पुढे नेला. दोन सांध्यांवरून जाणारे स्नायू एका सांध्यावर शोषलेली ऊर्जा दुसऱ्या सांध्याकडे पोचवू शकतात, हे त्यांनी दाखवलं. हॅमस्ट्रिंगला हे तंतोतंत लागू पडतं. गुडघ्याशी पायाला आवरताना ती खुब्याशी मांडीला मागे खेचू लागलेली असते.

थांबवण्याचं काम शरीराला किती स्वस्त पडतं, हे कळलं १९५२ साली लंडनमध्ये. ॲबट, ब्रेंडा बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीनं जोडल्या. एकानं पुढे पॅडल मारायचं, दुसऱ्यानं ते अडवायचं. दोघांच्या पायांवरचा जोर जवळपास सारखाच, पण अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागायचा. रॉयल सोसायटीत हा प्रयोग करून दाखवला, तेव्हा अडवणारी मुलगी सहज बसून होती आणि पॅडल मारणारा तरुण दमून गेला. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातच धोकाही दडलेला आहे. लांबत जाणारा स्नायू कमी इंधनात जास्त जोर देतो, म्हणून शरीर ते काम बिनदिक्कत अंगावर घेतं. दम लागत नाही, म्हणून इशाराही मिळत नाही. पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या एर्लिंग ॲस्मुसेन यांनी अशा कामाला एक्सेंट्रिक हे नाव वापरलं आणि तेच रुळलं.

इथून पुढे गोष्ट वेगळ्या वाटेला गेली. १९८०-८१ मध्ये राल्फ मान यांनी वेगवान धावण्यातल्या सांध्यांवरच्या बलांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. मान हे नुसते संशोधक नव्हते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांनी ४०० मीटर हर्डल्सचं रौप्यपदक जिंकलं होतं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला मैदानावरही वजन होतं. त्यांच्या मते पाऊल टेकल्याबरोबरचा क्षण हॅमस्ट्रिंगला सगळ्यात जड जातो, कारण जमिनीचा धक्का खुब्याला वाकवायला आणि गुडघ्याला उघडायला पाहतो. या मांडणीचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. जॉन ऑर्चर्ड यांनी २०१२ सालीही इजा पाऊल टेकतानाच होण्याचा संभव अधिक, अशी ठाम बाजू मांडली होती.

पारडं झोक्याच्या बाजूला झुकलं ते विस्कॉन्सिनमधल्या कामानं. डॅरिल थेलन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ट्रेडमिलवर पळणाऱ्यांच्या स्नायूंची लांबी संगणकाच्या प्रतिरूपातून काढली. चक्राचा ९० टक्के भाग उलटला की, म्हणजे पाऊल टेकायच्या थोडं आधी, हॅमस्ट्रिंग सर्वांत जास्त ताणलेली असते. सरळ उभं असतानाच्या लांबीपेक्षा बायसेप्स फिमोरिसचा लांब भाग, म्हणजे बाहेरच्या बाजूचा स्नायू, सुमारे साडेनऊ टक्के लांबतो आणि आतल्या बाजूचे दोन त्याहून कमी. वेगवान धावताना इजा बहुतेक वेळा या बाहेरच्याच स्नायूला होते, ही ट्रॅकवरची जुनी माहिती. तिला इथे कारण मिळालं.

आणि त्याच वर्षी ती घटना छापून आली, जिच्यासाठी मला हा सगळा इतिहास सांगावासा वाटला. ब्रायन हायडरशाइट आणि त्यांचे सहकारी एका व्यावसायिक स्कीपटूची मोजमापं घेत होते. अंगावर खुणा लावलेल्या, कॅमेरे चालू, ट्रेडमिल १५ टक्के चढावर, वेग सेकंदाला ५.३६ मीटर. आणि पळता पळता त्याची उजवी हॅमस्ट्रिंग गेली. कुणी ठरवून असा प्रयोग करणं शक्यच नव्हतं.

आता त्यांच्या हातात इजेचं पाऊल होतं आणि त्याआधीची निरोगी पावलंही. त्यांनी ती एकमेकांवर ठेवून पाहिली आणि खुणांचा मार्ग नेहमीपेक्षा पहिल्यांदा कुठे वळला ते शोधलं. पण तो वळण्याचा क्षण हा इजेचा क्षण नव्हे. स्नायू फाटल्याची बातमी मज्जातंतूंतून जाऊन उलट आदेश यायला वेळ लागतो, आणि आदेश मिळाल्यावर स्नायूत जोर दिसायलाही. हा उशीर वजा करत ते मागे गेले. उरला १३० मिलिसेकंदांचा पट्टा, आणि तो सगळा झोक्याच्या शेवटच्या भागात पडला. त्याच पट्ट्यात बायसेप्स फिमोरिस उभ्या स्थितीपेक्षा सुमारे १२ टक्के लांबलेला होता. २००९ मध्ये अँथनी शाशे आणि सहकाऱ्यांनी मेलबर्नमध्ये जमिनीवर धावणाऱ्या एका फुटबॉलपटूची अशीच योगायोगानं टिपली गेलेली इजा मांडली. तिचाही रोख तिकडेच होता.

दोन माणसांवरून सगळं ठरवता येत नाही, हे मात्र धरून चाललं पाहिजे. स्कीपटूचा वेग चांगल्या धावपटूच्या सर्वोच्च वेगाच्या निम्म्याच्या आसपास होता आणि तो चढावर पळत होता. मैदानातली इजा त्याच क्षणी होत असेल असा कल दिसतो, इतकंच म्हणता येईल.

वेगाचा वाटा मात्र साध्या गणितातून समजतो. सत्तर किलोच्या धावपटूचा गुडघ्याखालचा भाग आणि पाऊल मिळून सव्वाचार किलोच्या आसपास भरतं. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धावण्याचा वेग ८ वरून १० मीटर झाला आणि पायाचा वेग त्याच प्रमाणात वाढला, तर वेग सव्वापट, पण ऊर्जा दीडपटीहून जास्त, आणि ती शोषायला मिळणारा वेळ उलट कमी. शाशे, डॉर्न आणि पँडी यांनी २०१२ मध्ये तीन स्नायूंचा हिशोब वेगवेगळा काढला. सर्वांत जास्त जोर आतल्या बाजूच्या सेमिमेम्ब्रॅनोससचा निघाला आणि सर्वांत जास्त ताणला गेला तो बायसेप्स फिमोरिसचा लांब भाग.

उपायांचा इतिहास याच्या समांतर चालला. स्वीडनमध्ये कार्ल आस्कलिंग यांनी २००३ साली तीस फुटबॉलपटूंपैकी पंधरांना हंगामापूर्वी एक्सेंट्रिक भार दिला. त्या पंधरांत तिघांना इजा झाली, उरलेल्या पंधरांत दहांना. २०११ साली डेन्मार्कमध्ये ९४२ खेळाडूंवर नॉर्डिक व्यायाम तपासला गेला. यात गुडघ्यांवर बसायचं, साथीदारानं घोटे धरायचे आणि धड सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकत जायचं. व्यायाम करणाऱ्या गटात १५ तीव्र इजा झाल्या, न करणाऱ्यांत ५२.

हा व्यायाम आमच्या मुलांना मी देतो. पण झोक्याच्या शेवटी जे घडतं ते यात घडत नाही. नॉर्डिकमध्ये खुबा सरळ राहतो, त्यामुळे हॅमस्ट्रिंग वरच्या टोकाकडून ताणली जात नाही, आणि हालचाल सेकंदांत मोजायची असते, मिलिसेकंदांत नाही. म्हणून नॉर्डिक चोख करणारा मुलगा दोन महिने पूर्ण वेगानं पळालाच नसेल, तर पहिल्या स्पर्धेत त्याची मांडी जाऊ शकते. पूर्ण वेगाचे तीस मीटर, आधी सावकाश वेग घेऊन, आठवड्यात एकदा-दोनदा, हा भार दुसऱ्या कशानं भरून निघत नाही.

२०१७ साली बास व्हॅन हूरेन आणि फ्रान्स बॉश यांनी मुळालाच हात घातला. स्नायू आणि त्याला हाडाशी जोडणारं कंडर यांची एकत्र लांबी वाढते हे खरं, पण त्यातले स्नायूतंतू लांबतात की कंडरच ताणलं जातं? त्यांच्या मते तंतू जवळपास त्याच लांबीवर घट्ट राहत असावेत आणि ताण कंडर झेलत असावं. तसं असेल तर सायकलवर सहज बसून अडवणाऱ्या त्या मुलीचं उदाहरण धावपटूला पुरतं लागू पडणार नाही. वेगानं फिरणाऱ्या मांडीच्या आत डोकावून तंतूंची लांबी मोजणं अतिशय अवघड, त्यामुळे वादाच्या दोन्ही बाजू अजून बऱ्याच अंशी संगणकाच्या प्रतिरूपांवर आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर उभ्या आहेत.