ओठावरचा फोड त्याच जागी परत का येतो, त्यामागचा शोध

आधी एक घोळ मिटवू. तोंड येणं आणि ओठावर फोड येणं हे दोन वेगळे आजार आहेत. तोंड येतं ते आत, गालाच्या आतल्या बाजूला, जिभेखाली, ओठाच्या आतल्या मऊ कातडीवर: पांढरट-पिवळी खोलगट जखम, भोवती लाल कडा, तिखट लागलं की जीव जातो. ते संसर्गजन्य नाही, कुणालाही लागत नाही. दात लागणं, ताण, लोह किंवा बी-१२ कमी असणं अशी कारणं असतात. ओठावरचा फोड, म्हणजे कोल्ड सोअर, मात्र बहुतेक वेळा ओठाच्या बाहेरच्या कडेवर येतो, बारीक पाणीदार फोडांचा पुंजका, मग तो फुटतो आणि खपली धरते. हा एचएसव्ही-१ नावाच्या विषाणूमुळे होतो आणि हा लागतो.

ताप आला की ओठ फुटतात हे लोकांना रोमन काळापासून माहीत होतं, म्हणून तापच बाहेर पडतोय असं समजायचे, पण तोच माणूस, तीच ओठाची बाजू, परत परत का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पहिला धागा सापडला १९०५ च्या सुमारास अमेरिकेत, आणि तोही शस्त्रक्रियेच्या टेबलावर. हार्वी कुशिंग हे सर्जन चेहऱ्याच्या भयंकर कळांसाठी ट्रायजेमिनल नावाच्या नसेवर ऑपरेशन करायचे. नंतर काही पेशंटच्या चेहऱ्यावर असे फोड उठायचे, पण जिथली नस पूर्ण तोडलीये त्या बधिर भागावर नाही. म्हणजे फोडाचा संबंध नसेशी आहे. १९१९-२० च्या आसपास जर्मन भाषिक देशांतल्या डॉक्टरांनी फोडातलं पाणी सशाच्या डोळ्यावर लावून आजार उठवून दाखवला, त्यामुळे हे संसर्गाचं प्रकरण आहे हे पक्कं झालं. आणि १९२९ मध्ये अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी सुचवलं की विषाणू त्या नसेच्या गाठीत, म्हणजे कानाजवळ कवटीच्या आत जो पेशींचा पुंजका असतो त्यात, झोपून राहत असेल.

मला यातला पुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियात बर्नेट आणि विल्यम्स यांनी मांडलं की पहिला संसर्ग बहुतेकांना लहानपणी होतो, कधी हिरड्या सुजून ताप येतो, कधी काहीच कळत नाही, आणि मग विषाणू आयुष्यभर अंगात राहतो. म्हणजे चाळिशीत आलेला फोड हा बहुधा नवा संसर्ग नसतो, जुनाच पाहुणा जागा झालेला असतो. प्रत्यक्ष पुरावा यायला १९७० चं दशक उजाडलं, १९७२ मध्ये मृत माणसांच्या त्याच नसेच्या गाठी लॅबमध्ये वाढवल्यावर त्यातून खरोखर विषाणू बाहेर आला.

आता हे समजलं की बाकी सगळं जुळतं. ताप, कडक ऊन, पाळी, ताण, दाताची ट्रीटमेंट, कशानेही पहारा ढिला पडला की विषाणू नसेतून खाली उतरतो आणि त्याच फांदीच्या टोकाला निघतो, म्हणून तीच जागा. गाठीत झोपलेला असताना तो वाढतच नसतो, आणि १९८० च्या दशकात आलेलं असायक्लोव्हिर फक्त वाढणाऱ्या विषाणूला अडवतं, त्यामुळे औषधाने फोड लवकर बरा होतो पण विषाणू कायमचा जात नाही.

समजा एका मावशीला सोमवारी ताप उतरल्यावर ओठाच्या कडेला झिणझिण्या आणि खाज सुरू झाली. फोड अजून नाही, तरी हीच औषधाची वेळ, डॉक्टरांना विचारून पहिल्याच दिवशी सुरू केलं तर फायदा होतो, फोड फुटल्यावर फारसा नाही. मंगळवारी पुंजका, गुरुवारच्या आसपास फुटून ओलं होतं, आणि या ओल्या दिवसांत सगळ्यात जास्त पसरतं. शुक्रवारी भाचीच्या बाळाचं बारसं आहे. मावशीने जावं, पण बाळाचा पापा अजिबात घेऊ नये, आणि बाळाला उचलायच्या आधी साबणाने हात धुवावेत, कारण पहिल्या काही आठवड्यांच्या बाळात हा विषाणू मेंदू, लिव्हरपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो. साधारण दहा दिवसांत खपली पडून कातडी नीट होईपर्यंत लिपबाम, टॉवेल, पाण्याचा ग्लास वेगळा, तोंडाने शारीरिक संबंध नाही, फोड चोळून तोच हात डोळ्याला लावायचा नाही, कारण बुबुळाला जखम होऊन नजर जाऊ शकते. क्रीम बोटाने घासण्यापेक्षा कापसाच्या काडीने टेकवावं.

फोड नसतानाही थोडा विषाणू लाळेत येऊ शकतो, त्यामुळे शंभर टक्के अडवता येत नाही. उन्हाने येत असेल तर ओठाला एसपीएफवालं लिपबाम लावा. डोळा लाल होऊन दुखला, किंवा एक्झिमा असलेल्या अंगावर फोड पसरले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि तोंडातली कुठलीही जखम ३ आठवड्यांत भरली नाही, विशेषतः तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांची, तर तोंड आलंय म्हणून थांबू नका, डेंटिस्टला दाखवा.