तालांवचा स्क्रीनशॉट: खरा कुठला, बनावट कुठला?

गोव्यात वाहतूक दंडाच्या चलनाला तालांव म्हणतात. म्हापशात राहणाऱ्या एकाने डिचोलीच्या ओळखीच्या काकांकडून जुनी स्कूटर घेतली आहे, असं धरून चला. नंबर GA-04 चा, आरसी अजून काकांच्याच नावावर. एक दिवस काकांचा व्हॉट्सॲप येतो, सोबत एका एसएमएसचा स्क्रीनशॉट: "अरे, तुझ्या स्कूटरचा तालांव माझ्या मोबाइलवर आलाय. बघून भरून टाक." त्याच आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून दुसरा फोटो येतो. वर सरकारी चिन्ह, खाली त्याच स्कूटरचा नंबर, ५९० रुपये दंड, "आज रात्री १२ पर्यंत भरा, अन्यथा लायसन्स रद्द", आणि पैसे भरायची लिंक.

पहिला खरा आहे, दुसरा बनावट. पण नुसते फोटो पाहून हे कळेल असं समजू नका. सरकारी चिन्ह कुणालाही चिकटवता येतं. गाडीचा नंबर बरोबर असणं हाही पुरावा नव्हे, कारण नंबरप्लेट रस्त्यावर सगळ्यांनाच दिसते आणि विकायला काढलेल्या गाडीच्या जाहिरातीत तर आपणच ती छापतो. मोडक्या मराठी-इंग्रजीवरून ओळखायचे दिवसही गेले. उलट खऱ्या सरकारी एसएमएसची भाषाच पुष्कळदा जास्त ओबडधोबड असते.

मूळ मेसेज हातात असेल तर दोन गोष्टी पाहता येतात: पाठवणारा आणि लिंक. सरकारी एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. तिथे अक्षरी नाव असतं, आणि २०२५ पासून सरकारी मेसेजच्या नावाच्या शेवटी -G लागतो. लिंक मात्र नीट वाचावी लागते. पत्ता आपण डावीकडून वाचतो, त्यात echallan आणि parivahan दिसलं की पुढचं डोळे वाचतच नाहीत. वाचायचं उलटं. https:// नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या आधीचा शेवट पाहायचा. खरा पत्ता असा:

```
echallan.parivahan.gov.in/
```

तिरक्या रेघेच्या लगेच आधी gov.in, आणि त्याच्याही आधी टिंब. यातला gov गाळून echallan.parivahan.in असा पत्ता टाकलेले मेसेज २०२३ मध्ये देशभर फिरले आणि पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं. कधी टिंबाच्या जागी आडवी रेघ असते, कधी gov.in मध्येच असतं आणि त्यापुढे आणखी काही जोडलेलं असतं. gov.in वर संपणारा पत्ता फक्त सरकारी खात्यांना मिळतो, बाकी सगळं थोड्या पैशात कुणीही घेऊ शकतो. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका, ते बनावट साइटलाही मिळतं.

स्क्रीनशॉटमध्ये मात्र यातलं बरंच हातचं जातं. पाठवणाऱ्याचं नाव कापलेलं असू शकतं, अक्षरं बदललेली असू शकतात. म्हणून फोटोची परीक्षा घेत बसण्यापेक्षा तालांवचीच घ्यावी. लिंकला हात न लावता ब्राउझरमध्ये वरचा पत्ता स्वतः टाइप करा आणि चलनाची स्थिती पाहायच्या पानावर जा. तिथे तीन वाटा आहेत: चलन नंबर, गाडीचा नंबर किंवा लायसन्स नंबर. गाडीच्या नंबराने शोधायचं तर चॅसिस किंवा इंजिन नंबरची शेवटची पाच अक्षरं लागतात, ती आरसीवर मिळतात. रस्त्यावर नंबरप्लेट पाहणाऱ्याला ही पाच अक्षरं ठाऊक नसतात. नुसता गाडीचा नंबर टाकताच दंड दाखवणारं पान दिसलं तर तिथेच थांबा. अशा काही बनावट पानांवर कुठलाही नंबर टाकला तरी दंड निघतोच.

आता म्हापशातल्या आपल्या माणसाने हे करून पाहिलं. पोर्टलवर एक चलन बाकी निघालं: विनाहेल्मेट, १,००० रुपये. चलन उघडल्यावर तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि फोटो. फोटोत स्कूटर त्याचीच, डोकंही त्याचंच. काकांच्या स्क्रीनशॉटमधला चलन नंबर याच्याशी अक्षर न् अक्षर जुळला. रक्कमही कायद्याला धरून आहे: विनाहेल्मेटसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ड मध्ये १,००० रुपयेच आहेत, आणि हे वाढीव दंड गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले.

इथेच लोक फसतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा हाच. पोर्टलवर तालांव बाकी दिसला की वाटतं, म्हणजे तो ५९० वाला मेसेजही खरा असणार, चला, त्याच लिंकवर भरून मोकळे होऊ. तालांव खरा असणं आणि मेसेज खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरात गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणांच्या नावावर एखादा तालांव बाकी असतोच, त्यामुळे अंधारात मारलेला बनावट मेसेजही कुणाला तरी खरा वाटतो. दुसऱ्या फोटोतला चलन नंबर पोर्टलवर नाही, रक्कम जुळत नाही, तारीख जुळत नाही, मग तो मेसेज बनावट. खरा तालांव भरायचा तो पोर्टलवरच्याच बटणाने. अडलं तर जवळच्या वाहतूक पोलीस कक्षात जाऊन विचारावं. म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा, वास्को इथे ते आहेत.

बनावट पानाची आणखी एक खूण पैसे भरताना दिसते. ते बहुतेकदा फक्त कार्डच मागतं. यूपीआयने एकदाच ठरलेली रक्कम जाते. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे हाती आले की पुन्हा पुन्हा वापरायचा प्रयत्न करता येतो. ५९० रुपये हे नुसतं आमिष, हवं असतं ते कार्ड.

याहून वाईट प्रकार लिंकऐवजी फाइल पाठवण्याचा. नाव "RTO Challan.apk" सारखं. ती फोनमध्ये टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी तिकडे पोचतो. कुठलंही खातं तालांव म्हणून एपीके पाठवत नाही. चुकून टाकलीच तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि कार्ड बंद करा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता असते.

राहता राहिला काकांचा त्रास. आरसीवर नाव आणि मोबाइल त्यांचा आहे तोवर प्रत्येक तालांव त्यांनाच जाणार, आणि कायद्याच्या नजरेत मालकही तेच. त्यांनी गाडी विकल्याचं फॉर्म २९ वर आरटीओला १४ दिवसांत कळवायला हवं होतं, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायला. तो फॉर्म आधी भरा, आणि आरसीला आपला मोबाइल नंबर जोडून घ्या.