वजन वाढलं, कंबर उतरली: ते १.१ किलो आलं कुठून?

ताई, नमस्कार.

काल सकाळच्या मापांनंतर तुम्ही विचारलंत की आठ आठवडे एवढं सगळं करून काटा ७२.० वरून ७३.१ वर कसा गेला. मशीन बिघडलंय का, की खाण्यात काही चुकतंय? याचं उत्तर जिममध्ये उभ्याउभ्या देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय. सोबत आपली वही उघडी ठेवा.

वहीत पहिल्या दिवशी असं होतं आणि आता असं आहे. कंबर ८८ सेंटिमीटर होती, ती ८४ झाली. मांडी ५६ होती, ती ५७ झाली. कॅलिपरने तीन ठिकाणी धरलेल्या कातडीच्या घड्या (दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर, मांडीची पुढची बाजू) मिळून ७८ मिलिमीटर होत्या, त्या ६८ झाल्या. या बेरजेवरून आणि तुमच्या ३८ या वयावरून सूत्राने काढलेली चरबी ३०.२ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर आली.

आता टक्के बाजूला ठेवू आणि किलोत बघू, कारण गोंधळ टक्क्यांमुळेच होतो. ७२.० किलोचे ३०.२ टक्के म्हणजे २१.७ किलो चरबी, उरलेलं ५०.३ किलो म्हणजे चरबी सोडून सगळं. ७३.१ किलोचे २७.२ टक्के म्हणजे १९.९ किलो चरबी; उरलेलं ५३.२ किलो. म्हणजे चरबी १.८ किलो कमी झाली आणि बाकीचं २.९ किलो वाढलं. वजाबाकी केली की काट्यावर दिसलेलं १.१ किलो हाती येतं. काटा बरोबर आहे. तो फक्त बेरीज सांगतो, त्या बेरजेत काय काय आहे ते सांगत नाही.

१.८ किलो चरबी जाणं शक्य तरी आहे का, हेही तपासून बघू. एक ग्रॅम चरबीत साधारण ९ किलोकॅलरी असतात. १.८ किलोच्या होतात १६,२०० आणि त्या ५६ दिवसांत वाटल्या तर रोज सुमारे २९० किलोकॅलरीची तूट येते. आपण ठरवलेलं खाणं आणि आठवड्यातले चार व्यायाम धरले तर ही तूट अगदी पटण्याजोगी आहे. हाच आकडा रोज हजाराच्या घरात आला असता, तर मी कॅलिपरच्या नोंदीवरच शंका घेतली असती.

आता ते २.९ किलो. इथे बहुतेक ट्रेनर सांगतील की हा सगळा स्नायू आहे, अभिनंदन. मी तसं सांगणार नाही, कारण ते खरं नाही. कोष्टकांत ‘लीन मास’ म्हणून जे लिहिलेलं असतं त्यात चरबी सोडून सगळंच येतं: स्नायू, हाडं, अवयव, रक्त आणि पाणी. आठ आठवड्यांत नव्याने वजन उचलायला लागलेल्या माणसाच्या शरीरात पाणी तीन वाटांनी वाढतं आणि तुमच्या बाबतीत तिन्ही वाटा उघड्या होत्या.

पहिली वाट क्रिएटिनची. तुम्ही पहिल्या दिवसापासून रोज ३ ग्रॅम घेताय. स्नायूंच्या पेशींत क्रिएटिन साठलं की त्याच्यामागोमाग पाणीही पेशीत ओढलं जातं. रोज ३ ग्रॅमने हा साठा भरायला साधारण चार आठवडे लागतात, मग तो तिथेच थांबतो. यातून बहुतेकांचं वजन एक किलोच्या आसपास वाढतं. तुमच्या हिशेबात मी ०.९ धरलंय. ही कातडीखालची सूज नाही, पाणी स्नायूच्या आत आहे.

दुसरी वाट ग्लायकोजनची. व्यायामाला लगेच लागणारं इंधन म्हणून स्नायू कर्बोदकं ग्लायकोजनच्या रूपात साठवतात आणि दर ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. नियमित व्यायाम करणारा स्नायू हा साठा वाढवतो. १५० ग्रॅम ग्लायकोजन वाढलं तर पाण्यासकट ते ६०० ग्रॅम होतं. आपल्याकडे येण्याआधी तुम्ही कर्बोदकं एकदम बंद केली होतीत आणि पाच दिवसांत दीड-दोन किलो उतरले होते, आठवतं? तेव्हा गेलं ते मुख्यतः हेच पाणी होतं. पाच दिवसांत एवढी चरबी जळायची तर रोज जवळपास तीन हजार किलोकॅलरीची तूट हवी. तेव्हाचा आनंद जेवढा फसवा होता, तेवढीच आजची धास्तीही फसवी आहे.

तिसरी वाट दुखऱ्या पायांची. माप घेतलं त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही स्क्वॉट आणि लंजेस केले होते. अशा व्यायामात स्नायूतंतूंना बारीक इजा होते, ती भरून काढायला शरीर तिथे द्रव साठवतं आणि एक ते तीन दिवस पाय जड वाटतात. त्याचे ०.४ किलो धरा. त्या दिवशी वजन घ्यायला नको होतं, ही माझी चूक.

तिन्ही मिळून १.९ किलो झाले. उरलेलं सुमारे एक किलो हा माझ्या अंदाजाने खराखुरा नवा स्नायू. आठ आठवड्यांत एक किलो, तेही कमी खाताना, ही नवशिक्या शरीरातच होणारी गोष्ट आहे. सहा महिन्यांनी हा वेग राहणार नाही. आणि स्क्वॉटचं वजन २० वरून ३५ किलोवर गेलं, त्याला स्नायूवाढीचा पुरावा समजू नका. पहिल्या काही आठवड्यांतली ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते: आहे तोच स्नायू जास्त नीट कामाला लागतो.

एक समज मात्र मला मुद्दाम खोडायचा आहे, कारण तो जिममध्ये रोज ऐकू येतो: ‘स्नायू चरबीपेक्षा जड, म्हणून वजन वाढूनही माणूस बारीक होतो.’ किलो तो किलोच, चरबीचा काय आणि स्नायूचा काय. फरक आहे तो जागेत. एक किलो चरबी साधारण १.१ लिटर जागा घेते, एक किलो स्नायू ०.९४ लिटर. एवढ्या फरकाने चार सेंटिमीटर कंबर उतरत नाही. तुमचाच हिशेब करा. १.८ किलो चरबी गेली म्हणजे दोन लिटर जागा रिकामी झाली. १.९ किलो पाणी आणि एक किलो स्नायू आले, त्यांनी सुमारे २.८ लिटर जागा घेतली. म्हणजे एकूण शरीर पाऊण लिटरने मोठंच झालंय!

मग कंबर का उतरली? कारण आलं एका ठिकाणी आणि गेलं दुसऱ्या ठिकाणाहून. पाणी आणि स्नायू वाढले ते मांड्या, नितंब, पाठ, खांदे इथे, जिथे मोठे स्नायू आहेत. चरबी गेली ती सगळीकडून, पण त्यातला मोठा वाटा पोटाचा. कंबर गोल धरली तर ८८ वरून ८४ सेंटिमीटर होणं म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्र सुमारे ५५ चौरस सेंटिमीटरने कमी होणं. पोटाच्या २० सेंटिमीटर उंचीत ते १.१ लिटर, म्हणजे साधारण एक किलो चरबी. एकूण गेलेल्या १.८ किलोत ते सहज बसतं.

मांडीचं माप तर याहून बोलकं आहे. तिथली घडी ३० वरून २७ मिलिमीटरवर आली, तरी घेर एका सेंटिमीटरने वाढला. वरचा चरबीचा थर पातळ झाला असताना घेर वाढतो, तेव्हा आतलंच काहीतरी फुगलेलं असतं. ते किती पाणी आणि किती स्नायू, हे टेप सांगू शकत नाही.

तुमच्या घरच्या, पायाखालच्या चरबी दाखवणाऱ्या काट्याबद्दल थोडंसं. तो एका पायातून दुसऱ्या पायात अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडतो आणि अडथळा मोजतो. पाण्यातून प्रवाह सहज जातो, चरबीतून नाही. त्यामुळे पायात पाणी वाढलं की तो चरबी कमी झाली असं दाखवतो, तहानलेल्या अवस्थेत उभ्या राहिलात तर चरबी वाढली असं. म्हणून त्याचे टक्के मी वहीत घेत नाही. कॅलिपरही दोषमुक्त नाही. खरी टक्केवारी त्याच्या उत्तरापेक्षा तीन-चार टक्क्यांनी वेगळी असू शकते आणि पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी त्याच्या चिमटीत येतच नाही. पण तोच हात, तीच उजवी बाजू, तीच खूण असली की बदलावर विश्वास ठेवता येतो. तुमच्या तिन्ही घड्या कमी झाल्या आहेत, एकच नाही. आतल्या चरबीची चुणूक टेप देतो.

टेप तुम्ही घरीही लावा, पण असा: सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक बोटांनी शोधा, दोन्हींच्या मधोमध खूण करा. टेप उघड्या कातडीवर, जमिनीला समांतर, टेकलेला पण रुतलेला नाही. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. दोनदा घ्या, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. सर्वांत जास्त चुका पाठीमागे होतात, टेप तिथे खाली घसरतो आणि कळत नाही. आरशाला पाठ करून एकदा बघून घ्या.

पुढचं माप चार आठवड्यांनी. चारच, कारण पाळीच्या आधीच्या दिवसांतही पाणी साठतं. चक्राच्या साधारण त्याच टप्प्यावर मोजलं की तो फरक मध्ये येत नाही. पायांचा व्यायाम झाल्यावर दोन दिवस मोकळे ठेवू, मग सलग तीन सकाळी, शौचानंतर, काही खाण्या-पिण्याआधी वजन घ्या आणि सरासरी लिहा. क्रिएटिन ३ ग्रॅमच ठेवा. मध्येच बंद केलंत तर साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतील आणि आपला हिशेब पुन्हा गढूळ होईल.

माझा हिशेब बरोबर असेल तर क्रिएटिन आणि ग्लायकोजनचे साठे आता भरलेले आहेत. तीच तूट राहिली तर सुमारे ०.९ किलो चरबी जाईल, पायांची सूज नसल्यामुळे ०.४ उतरेल आणि तेवढाच स्नायू कदाचित वाढेल. म्हणजे काटा ७२.२ च्या आसपास आणि कंबर ८४ च्या खाली. काटा ७३.५ च्या वर आणि कंबर ८४ किंवा जास्त आली, तर माझं स्पष्टीकरण चुकलं. मग पाण्याला दोष न देता सात दिवस खाणं तोलून लिहायचं.

आणि एक गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळी: दोन-तीन दिवसांत अचानक दोन किलो वाढले, पाय दाबल्यावर खड्डा राहिला किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर माझी वाट बघू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

परवा वही घेऊन या, मांडीच्या मापाची खूण पुन्हा पक्की करायची आहे.

तुमचा ट्रेनर