‘त्रास काहीच नाही, मग मधुमेह कसा?’

मधुमेहाचं निदान पहिल्यांदा सांगितलं की समोरून बहुतेक वेळा हेच येतं. पन्नाशीच्या एका बाईंनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “डॉक्टर, उपाशीपोटीची साखर तर ११८ आहे. मला ना थकवा, ना काही. हा दुसरा आकडा चुकलाय.” दुसरा आकडा होता एचबीएवनसी, ७.८ टक्के. पुन्हा तपासला, ७.७ आला.

अशा वेळी स्वादुपिंड, इन्सुलिन, डोळे, मूत्रपिंड, पाय असं सगळं एका दमात सांगायचा मोह होतो. मी तसं पूर्वी करत असे. माणूस मान डोलावतो आणि घरी जाताना त्याच्यासोबत फक्त भीती जाते. आता मी त्या एका आकड्यापासून सुरुवात करतो, कारण तो समजला की निम्मं निदान समजतं.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, प्राणवायू वाहून नेणारं. रक्तातली साखर या पेशींत सहज शिरते, त्यासाठी इन्सुलिनची परवानगी लागत नाही. आत गेलेली साखर हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाला असलेल्या व्हॅलिन या अमिनो आम्लाला आपोआप चिकटते. आधी सैल, सुटू शकेल अशी. मग रेणूंची अंतर्गत फेरमांडणी होते आणि जोड पक्का होतो. यासाठी कोणतंही एन्झाइम लागत नाही. तांब्याचं भांडं उघड्यावर ठेवलं की हळूहळू काळवंडतं, तसंच हे. मला ही क्रिया फार आवडते, कारण ती नोंद ठेवायला म्हणून घडत नाही आणि तरी चोख नोंद ठेवते. मधुमेह्यांमध्ये असं हिमोग्लोबिन जास्त असतं, हे इराणी संशोधक सॅम्युएल रहबर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं.

अशी साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन किती टक्के, हेच एचबीएवनसी सांगतं. पक्की चिकटलेली साखर पेशी मरेपर्यंत सुटत नाही. म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असतो. बाईंना मी विचारलं, “तपासणीच्या आधी जेवण कमी केलं होतं?” त्या थोड्या ओशाळल्या. तीन दिवस रात्री उपाशी झोपल्या होत्या, शिवाय कुणी सांगितलं म्हणून कडू रस घेत होत्या. उपाशीपोटीचा आकडा अशा तीन दिवसांत खाली येऊ शकतो. १२० दिवस जगणाऱ्या पेशींवरची नोंद तीन दिवसांत पुसली जात नाही. ‘आठ दिवसांत एचबीएवनसी निम्मं’ अशी जाहिरात दिसली, तर ती खोटी आहे हे ओळखायला एवढं एक तथ्य पुरतं.

मग त्रास का नाही? ७.८ टक्के म्हणजे रक्तातली साखर सरासरी १७७ च्या आसपास. मूत्रपिंडं गाळलेली साखर परत रक्तात घेतात, पण बऱ्याच जणांमध्ये १८० च्या वर गेल्यावर ती पुरी पडत नाहीत. तेव्हा साखर लघवीत उतरते, पाणी ओढून नेते, आणि वारंवार लघवी, तहान सुरू होते. बाईंची साखर जेवणानंतर ही रेषा ओलांडत असणार, पण थोडाच वेळ. शरीर ओरडत नव्हतं, एवढंच. मधुमेहाचं निदान मात्र ६.५ टक्क्यांपासून होतं, म्हणजे बरंचसं त्या रेषेच्या खालीच.

या आकड्यालाही मर्यादा आहेत. लोह कमी असेल तर पेशी जास्त दिवस टिकतात आणि आकडा फुगलेला दिसू शकतो. रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर तो फसवा कमी येतो. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांत त्यावर विसंबता येत नाही. म्हणून बाईंचं हिमोग्लोबिन आणि लोह आधी पाहिलं. दोन्ही ठीक होतं.

त्या दिवशी त्यांना मी तीनच गोष्टी सांगितल्या. हा टाइप दोनचा मधुमेह आहे, म्हणजे इन्सुलिन तयार होतं पण पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि स्वादुपिंडाला ती तूट भरून काढता येत नाही. गोळी एक, जेवणासोबत. आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिन्याभरात, कारण टाइप दोनमध्ये साखर निदानाच्या आधी कित्येक वर्षं वाढलेली असू शकते. पायांची काळजी, आहाराचे तपशील पुढच्या भेटीला ठेवले. फक्त खूप तहान, उलट्या किंवा गुंगी आली तर थांबू नका, लगेच या, हे लिहून दिलं.

मग विचारलं, “घरी गेल्यावर काय सांगाल?”

“साखर पेशींना चिकटलीय,” त्या म्हणाल्या, “आणि जुन्या पेशी जाऊन नव्या यायला तीन महिने लागतात. म्हणून पुढची तपासणी तेव्हा. त्याच्या आधी उपाशी राहून उपयोग नाही.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “माझ्या मुलानं तपासून घ्यावं का?”

मुलगा तिशीचा होता, वजन जास्त. मी हो म्हटलं.