निर्मित चित्रांचे पडद्यावरील रंग आणि छपाई

निर्मित चित्रांचे पडद्यावरील रंग आणि छपाई : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना शब्दांत सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, देऊन तयार केलेले चित्र पडद्यावर जसे दिसते तसे कागदावर उमटत नाही. गडद जांभळट निळे, झगझगीत हिरवे आणि चमकते गुलाबी रंग कागदावर मलूल पडतात. छापखान्याने हयगय केल्याचा संशय अशा वेळी हमखास घेतला जातो. परंतु बहुतेक वेळा दोष छपाईत नसून मुळात कागदावर न मावणारा रंग मागितल्यात असतो. म्हणून हा प्रश्न छपाईच्या वेळी सोडवण्यापेक्षा प्रॉम्प्ट लिहितानाच सोडवणे सोपे जाते.

पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांच्या बेरजेतून त्याचे सर्व रंग घडतात आणि तिन्ही पूर्ण तेजाने लागले की पांढरा दिसतो. कागदाचे काम नेमके उलट आहे. त्यावर पडलेल्या प्रकाशातून हिरवट निळी सायन, जांभळट गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई काही भाग शोषून घेते व उरलेला प्रकाश डोळ्यांपर्यंत परततो. तेथे सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागद. निळा रंग छापायचा तर सायनवर मॅजेंटा चढवावी लागते. या दोन्ही शायांनी मिळून इतका प्रकाश गिळलेला असतो की हाती येणारा निळा पडद्यावरच्या निळ्यापुढे काळवंडलेला वाटतो. मोजमापाच्या भाषेत सांगायचे तर पडद्यावरच्या शुद्ध निळ्याची, म्हणजे संगणकी संकेतात `#0000FF` या रंगाची, संपृक्तता किंवा भडकपणा चार रंगांच्या ऑफसेट छपाईतील निळ्याच्या दुपटीहूनही अधिक असते.

एखादे साधन जेवढे रंग दाखवू शकते त्या सर्वांच्या आवाक्याला रंगव्याप्ती किंवा गॅमट म्हणतात. छपाईची रंगव्याप्ती पडद्याच्या व्याप्तीत पूर्णपणे सामावलेली असते, असा सर्रास समज आहे. तो बरोबर नाही. चांगल्या आर्ट पेपरवरचा निव्वळ सायन शाईचा रंग वेबवर रूढ असलेल्या एसआरजीबी या मानक रंगव्याप्तीच्या बाहेर पडतो, म्हणजे तो साध्या पडद्यावर खरा दिसतच नाही. पिवळ्या आणि केशरी पट्ट्यातही छपाई पडद्याच्या बरीच जवळ पोहोचते. मोठी तूट येते ती जांभळट निळ्यात, उजळ हिरव्यात आणि पडद्यावरच्या मॅजेंटात. कोणत्या दिशेला कागद समर्थ आहे आणि कोठे तो तोकडा पडतो हे ठाऊक असणे, हाच छपाईयोग्य रंगसंगती मागण्याचा पाया आहे.

निर्मित चित्रांत ही अडचण अधिक तीव्र होते. चित्रे निर्माण करणारी प्रतिमाने, म्हणजे मॉडेल, मुख्यतः वेबवरील प्रतिमांवर शिकवलेली असतात, आणि त्या प्रतिमा पडद्यासाठीच रंगवलेल्या असतात. त्यामुळे रंगांविषयी काही न सांगताही ही प्रतिमाने आतून उजळलेल्या वस्तू, गडद पार्श्वभूमी आणि कडांवरची झळाळी यांकडे झुकतात. शिवाय त्यांचे उत्तर लाल-हिरव्या-निळ्याच्या, म्हणजे आरजीबी, पिक्सेलांतच येते. प्रॉम्प्टमध्ये `CMYK` असा शब्द घातला म्हणून चार शायांची फाईल मिळत नाही. तो शब्द प्रतिमानाच्या लेखी एक दृश्य संकेत ठरतो, आणि कधी कधी चित्रात छपाईचे ठिपके किंवा नमुन्याच्या रंगपट्ट्याच उमटतात.

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचे एक कल्पित उदाहरण पाहू. मागणी अशी : रात्रीचे आकाश, मध्यभागी पेटलेला आकाशकंदील, खाली रांगोळी आणि कडेला दिव्यांची माळ. प्रॉम्प्टमध्ये ‘झगमगते, तेजस्वी रंग’ अशा अर्थाचे शब्द आहेत. चित्रात आकाश `#1F2BFF` च्या आसपासचे, कंदील `#FF5A00` आणि माळेतील हिरवे दिवे `#39FF14` असे येतात. हे चित्र ऑफसेटसाठी चार शायांत रूपांतरित केले की तिन्ही रंगांची गत वेगवेगळी होते. कंदिलाचा केशरी थोडासाच मंदावतो. हिरवा दिवा पानासारखा साधा हिरवा होतो आणि त्याचे दिवेपण जाते. आकाशाचे सर्वाधिक नुकसान होते, कारण ते केवळ मंद न होता जांभळ्याकडे सरकते. सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारख्या प्रमाणात पडल्या की डोळ्याला निळ्याऐवजी जांभळा दिसतो. म्हणून निळा निळाच राहावा यासाठी मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवण्याचा प्रघात आहे.

याहून सूक्ष्म हानी कंदिलाच्या पाकळ्यांत होते. पडद्यावर एका पाकळीत केशरीच्या दहा-बारा छटा दिसतात. आतल्या दिव्याजवळ उजळ, घडीपाशी गडद. त्यांतील अनेक छटा रंगव्याप्तीबाहेर असतील, तर ‘सापेक्ष रंगमापी’ पद्धतीचे रूपांतर त्यांना व्याप्तीच्या कडेवरच्या जवळच्या रंगांवर आणून बसवते. वेगळ्या छटा एकाच रंगात विरतात, घडी दिसेनाशी होते आणि पाकळीच्या जागी सपाट डाग राहतो. ‘संवेदी’ पद्धत सगळ्याच रंगांना थोडेथोडे आत ओढून छटांमधले अंतर शाबूत ठेवते, परंतु मग मुळात सुरक्षित असलेले रंगही फिके होतात. चित्राचा मोठा भाग व्याप्तीबाहेर असताना या दोन्हींपैकी कोणतीही पद्धत समाधान देत नाही. अशा वेळी रूपांतराच्या खटपटीत वेळ घालवण्यापेक्षा चित्र नव्याने मागवावे.

नव्याने मागताना प्रकाशाची भाषा टाळून रंगद्रव्याची भाषा वापरणे सर्वांत परिणामकारक ठरते. निऑन, चमक, आतून उजळलेले, फ्लुरोसंट असे शब्द प्रतिमानाला कागदावर नसलेल्या रंगांकडे नेतात. गेरू, हळद, नीळ, पोस्टर रंग, हातकागद, ढगाळ दिवसाचा उजेड असे शब्द त्याला प्रत्यक्ष रंगवलेल्या किंवा छापलेल्या वस्तूंच्या प्रतिमांकडे वळवतात, आणि त्या वस्तूंचे रंग मुळात परावर्तित प्रकाशाचे असल्याने बहुधा छपाईच्या आवाक्यात असतात. बरीच साधने इंग्रजी सूचना अधिक नेमकेपणाने पाळतात, म्हणून वरील मुखपृष्ठासाठी नमुना प्रॉम्प्ट इंग्रजीत दिला आहे :

```
hanging paper Diwali lantern with folded petals, rangoli below,
gouache on matte paper, flat diffused light,
limited palette: deep indigo sky, burnt orange lantern,
turmeric yellow, leaf green, off-white paper;
no neon, no glow, no bloom, no pure black
```

यात रंग पाचच आहेत आणि त्यांतील मुख्य रंगांना एकेक वस्तू नेमून दिली आहे, कारण वस्तूशी न बांधलेला रंग चित्रभर कोठेही सांडतो. रंगांचे `#0000FF` सारखे सोळामान संकेत लिहून नेमका रंग मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. प्रतिमान रंगाचे नाव बऱ्यापैकी ओळखते, आकडा मात्र अदमासे घेते. नेमकेपणा हवाच असेल तर हव्या त्या पाच रंगांचे चौकोन असलेली प्रतिमा संदर्भ म्हणून जोडावी. काही साधनांत नकारात्मक सूचनांसाठी वेगळा रकाना असतो. तेथे शेवटच्या ओळीतील शब्द ‘no’ वगळून त्या रकान्यात लिहावेत, कारण मुख्य प्रॉम्प्टमध्ये ‘निऑन नको’ म्हटले तरी काही प्रतिमाने ‘निऑन’ एवढेच उचलतात.

अशा प्रॉम्प्टमधून आकाश `#1B2A5C`, कंदील `#E8742A` आणि पानासारखा हिरवा `#4F7F4A` यांच्या जवळपास आले, तर आर्ट पेपरवर हे तिन्ही रंग ओळखू येण्याइतके जसेच्या तसे उतरतात. कंदील पेटलेला भासतो, कारण त्याचे तेज आता स्वतःच्या झगमगाटातून नव्हे तर भोवतीच्या गडद निळीशी असलेल्या विरोधातून येते. जुन्या लिथोग्राफ चित्रांतला दिवाही याच युक्तीने उजळत असे.

‘शुद्ध काळा नको’ ही सूचना शाईच्या एकूण भारासाठी आहे. निर्मित चित्रांतील गडद कोपरे रूपांतरात चारही शायांनी भरतात. आर्ट पेपर चारही शायांची टक्केवारी मिळून साधारण 300 पर्यंतचा भार सोसतो, वर्तमानपत्री कागद सुमारे 240 पर्यंतच. त्यापुढे शाई वाळत नाही आणि थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते. गडद भाग असे चारही शायांनी भरतात म्हणूनच मजकूरही निर्मित चित्रात घेऊ नये. तो मांडणीच्या वेळी एकट्या काळ्या शाईत बसवावा, म्हणजे बारीक अक्षरांच्या कडा चार शायांच्या किंचित सरकण्याने धूसर होत नाहीत.

चित्र हाती आल्यावर त्याची परीक्षा पडद्यावरच घेता येते. फोटोशॉपमध्ये `Proof Setup` येथे छापखान्याने सांगितलेले रंगवर्णन, म्हणजे आयसीसी प्रोफाइल, निवडून `Gamut Warning` चालू केले की व्याप्तीबाहेरचे भाग राखाडी दिसतात. तो राखाडी रंग दिव्याच्या ज्योतीपुरता असेल तर चित्र ठेवावे; आकाशभर पसरला असेल तर प्रॉम्प्ट बदलावा. निर्मित फाईलींत पुष्कळदा कोणतेही प्रोफाइल जोडलेले नसते. तेव्हा ती एसआरजीबी समजून तसे प्रोफाइल आधी नेमून द्यावे लागते. इमेजमॅजिक या मुक्त साधनाने हे नेमणे आणि पुढचे रूपांतर एकाच आज्ञेत होते :

```
magick kandil.png -profile sRGB.icc \
  -intent relative -black-point-compensation \
  -profile PSOcoated_v3.icc kandil.tif
```

येथील दुसरे प्रोफाइल लेपित, म्हणजे आर्ट पेपरसारख्या, कागदावरील ऑफसेटचे आहे. तेच चित्र मॅप्लिथो या लेप नसलेल्या कागदावर छापायचे असेल तर प्रोफाइलही बदलले पाहिजे आणि प्रॉम्प्टमधील गडद निळीही एक पायरी उजळ मागितली पाहिजे. लेप नसलेला कागद शाई पिऊन घेतो, त्यावरचा काळाही राखट दिसतो आणि ठिपके अधिक पसरतात. ठिपका पसरणे आर्ट पेपरवरही टळत नाही. तेथे फाईलमधला 50 टक्क्यांचा ठिपका छापून सुमारे 65 टक्क्यांइतका दिसतो. प्रोफाइलमध्ये याची भरपाई धरलेली असते, म्हणून चुकीच्या कागदाचे प्रोफाइल लावले की सबंध चित्र गडद किंवा फिके होते.

प्रूफची, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्याची, तुलना कशाशी करायची हेही ठरलेले असावे. व्हॉट्सॲपवर आलेले प्रूफ मोबाइलवर पाहून रंग मंजूर करण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे, पण मोबाइलचा पडदा बहुधा रंग मुद्दाम चढवून दाखवतो आणि छापलेल्या कागदाविषयी त्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याच कागदावर काढलेले प्रूफ दिवसाच्या उजेडाशी जुळणाऱ्या, 5000 केल्विनच्या दिव्याखाली पाहावे. पिवळ्या बल्बखाली तीच नीळ काळसर भासते. आणि एवढे करूनही मुखपृष्ठाला खरोखर झगझगीत हिरवा किंवा गुलाबी हवाच असेल, तर चार शायांत तो मिळणार नाही. त्या भागाची वेगळी प्लेट काढून फ्लुरोसंट शाई पाचवा रंग म्हणून लावावी लागते, आणि तिचा खर्च छपाईचे दर ठरवतानाच धरावा लागतो.